पोलादी खांब, लेखांक ७ : लेसिंगच्या पट्टीवर बळ येते कुठून?

भंडारा रोड स्टेशन वरठीत आहे आणि सनफ्लॅगचा पोलाद कारखानाही तिथेच. अशा कारखान्यांच्या उंच शेडमध्ये वरून क्रेन धावते. तिचा भार पेलायला बहुधा दोन चॅनल एकमेकांकडे पाठ करून उभे करतात, त्यांचा एक खांब बनवतात आणि त्यांच्यामध्ये तिरक्या पट्ट्यांची नागमोडी रांग जोडतात. मागच्या लेखात आपण असाच ८ मीटर प्रभावी उंचीचा खांब घेतला होता: ३०० मिमीचे दोन चॅनल, पाठींमध्ये २०० मिमी अंतर, भार १२०० किलोन्यूटन, म्हणजे साधारण १२० टन. आज त्याच्या पट्ट्या ठरवू.

सगळा भार तर चॅनलच घेतात, मग पट्टीला काम काय? खांब अगदी सरळ असता तर खरोखरच फारसे काम उरले नसते. पण कोणताही खांब किंचित वाकलेला असतो आणि भाराखाली तो बाक वाढतो. बाक आला की खांबाचा अक्ष भाराच्या रेषेशी तिरका होतो आणि त्या भाराचा लहानसा हिस्सा आडवा ढकलू लागतो. भारतीय मानक IS 800 हा हिस्सा भाराच्या २.५ टक्के धरायला सांगते. ४० मिमीला १ मिमी इतका तिरकेपणा आला, असे मानण्यासारखेच हे आहे. आपल्या खांबावर हे आडवे बळ ३० किलोन्यूटन होते. पट्ट्यांच्या रांगा दोन बाजूंना आहेत, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला १५ येते.

आता कोन. मानक खांबाच्या अक्षाशी ४० ते ७० अंश मान्य करते. आपण ४५ घेऊ. बोल्टच्या दोन उभ्या ओळींत आडवे अंतर ३०० मिमी आहे, त्यामुळे पट्टीची लांबी ४२४ मिमी भरते. तिच्यातले बळ १५ भागिले sin 45°, म्हणजे २१.२ किलोन्यूटन. खांब डावीकडे वाकेल की उजवीकडे, हे आधी कळत नाही. म्हणून प्रत्येक पट्टी हे बळ ताणातही आणि दाबातही पेलू शकली पाहिजे.

पट्टीची खरी परीक्षा दाबात होते. एकेरी लेसिंगमध्ये जाडी लांबीच्या चाळिसाव्या भागाहून कमी नको: ४२४ ÷ ४० = १०.६, म्हणून १२ मिमी. २० मिमीच्या बोल्टला रुंदी निदान तिप्पट हवी, म्हणून ६० मिमी. १२ मिमी फ्लॅटची परिभ्रमण त्रिज्या ३.४६ मिमी, त्यामुळे स्लेंडरनेस १२२ येतो. मर्यादा १४५ आहे. इतक्या स्लेंडरनेसला ही पट्टी दाबात सुमारे ५८ किलोन्यूटन पेलते, गरज २१ ची आहे.

बोल्टकडे मात्र अनेकांचे लक्ष जात नाही. एका बोल्टवर दोन पट्ट्या येतात, एक ताणात, दुसरी दाबात. त्यांचे आडवे घटक एकमेकांना काटतात, पण खांबाच्या दिशेचे घटक जुळून ३० किलोन्यूटन होतात. ४.६ ग्रेडचा २० मिमीचा बोल्ट एकेरी कातरणात ४५ पर्यंत जातो, म्हणून चालते.

पट्ट्या वाचवाव्यात म्हणून कोणी कोन ३० अंशांवर आणला तर काय होईल? पट्टी ६०० मिमी लांब होते आणि १२ मिमी जाडीला स्लेंडरनेस १७३ वर जातो. बळ ३० किलोन्यूटन होते आणि बोल्टवर ५२ येतात, तो तिथेच हरतो. उलट ७० अंशांवर बळ १६ पर्यंत उतरते, पण एकाच चॅनलवरचे जोड ४५ अंशांच्या ६०० मिमीऐवजी २१८ मिमीवर येतात आणि भोकांची, बोल्टची संख्या जवळपास तिप्पट होते.

जोडांमधल्या या ६०० मिमी अंतराचीही एक तपासणी आहे. दोन जोडांमधला एकटा चॅनल आपल्या कमजोर अक्षाभोवती लचकू नये. ६०० ÷ २६.१ = २३. मर्यादा ५० किंवा संपूर्ण खांबाच्या स्लेंडरनेसच्या ०.७ पट, यांतली लहान. लेसिंगच्या खांबाचा स्लेंडरनेस ५ टक्के वाढवून धरतात, म्हणजे इथे ७१, आणि त्याचे ०.७ पट ४९.८. भरपूर जागा आहे.

ही गणिते ढिली पडली की काय होते, ते कॅनडातल्या क्वेबेक पुलाने दाखवले. २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असताना तो नदीत कोसळला आणि ७५ कामगार गेले. चौकशी आयोगाने बोट ठेवले ते मुख्य खांबाजवळच्या खालच्या दाबाच्या दांड्यांच्या कमकुवत लेसिंगवर. कोसळण्याच्या दोन दिवस आधीच त्यातला एक दांडा सुमारे दोन इंच वाकलेला मोजला गेला होता.

शेडमध्ये धोका बहुधा नंतर येतो. पाइप न्यायला आड येणारी पट्टी कापतात आणि पुढे कोणीतरी हाताशी असलेला ६ मिमीचा फ्लॅट तिथे लावतो. त्याचा स्लेंडरनेस २४५! अशी पट्टी दाबात बाजूला फुगते. खांबाजवळ उभे राहून पट्ट्यांच्या कडेवरून नजर फिरवली तर ती लगेच दिसते, आणि दिसताच आधी त्या गाळ्यातली क्रेन थांबवायची.