दोन खोल्या वाढविताना कामाचा क्रम



गाळप आटोपले, हाती चार पैसे आले की देवळा परिसरात जुन्या घराला दोन खोल्या जोडण्याचे काम निघते. तोडणीचा कार्यक्रम जसा लागणीच्या तारखेवर बसवितो, तसे हे काम मृगाच्या 7 जूनपासून मागे मोजून बसवावे, असे आम्ही सुचवितो. कारण पेरण्या लागल्या की मजूर मिळत नाहीत.

समजा, 10 बाय 12 फुटांच्या दोन खोल्या आहेत आणि खोदाई 1 मार्चला सुरू झाली. काळी माती असेल तर पक्का मुरूम लागेपर्यंत खाली जावे. जोते बांधण्याआधी जुन्या घरातील फरशीची पातळी पाण्याच्या नळीने नव्या जागी घ्यावी. फरशी व तिच्याखालचा माल यांचे अडीच-तीन इंच वजा करून जोत्याची भर ठरवावी. हे चुकले तर दाराशी पायरी पडते, नाहीतर दाराची फळी खालून कापावी लागते. मोरीचा पाइप भर टाकण्यापूर्वीच जोत्यातून काढावा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून ठोकावा.

15 मार्चला भिंती सुरू. चौकटी भिंतीबरोबरच उभ्या कराव्यात. काळ्या रानात नवी भिंत जुनीत गुंतवू नये, फट ठेवावी. नवा पाया थोडा बसतोच, आणि गुंतविलेल्या सांध्यावर उभी चीर पडते.

15 एप्रिलला स्लॅब. माल ओतण्याआधी वायरमनला बोलावून पंख्याचे डबे व पाइप सळईत बसवून घ्यावेत. मागाहून स्लॅब फोडला तर सळई उघडी पडते. स्लॅबवर आळी करून दहा दिवस पाणी भरून ठेवावे. एवढ्या गाळ्याचे टेकू नियमाने सात दिवसांनी काढता येतात, पण हल्लीचे राखमिश्रित सिमेंट सावकाश ताकद धरते, म्हणून चौदा दिवस थांबणे बरे.

29 एप्रिलला सेंट्रिंग निघाली की आधी जुन्या भिंतीतले दार फोडावे. वर लिंटल मात्र हवेच. मग भिंतीतल्या वायरी-नळाच्या खाचा, नळात पाणी सोडून गळती पाहणे, आणि त्यानंतरच प्लास्टर. हे उलटे झाले की ओले डाग पडतात आणि प्लास्टर दुसऱ्यांदा करावे लागते. प्लास्टरला सात दिवस पाणी, मग फरशी. रंग भिंत पुरती वाळल्यावर, घाई नको.

आणि 1 एप्रिलपर्यंत भिंतीच सुरू झाल्या नाहीत तर? मग जोत्यावरच थांबावे. पावसाने जोत्याचे बिघडत नाही, उलट भर चांगली बसते. अर्धवट भिंतींचा माल मात्र वरून धुपतो. उरलेले काम दिवाळीनंतर निवांत काढावे.