छप्पन अंशांचा संशय

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं आणि ती बातमी बघता बघता देशभर पसरली. उन्हाच्या बाबतीत नागपूरकर सहसा दचकत नाहीत. पण छप्पन म्हणजे कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या १९१३ सालच्या ५६.७ या जागतिक उच्चांकाला जवळपास शिवणारा आकडा. भारताचा उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, २०१६ मधला, ५१ अंशांचा. त्याच दिवशी परिसरातल्या इतर काही केंद्रांवर पारा ४४ च्या आसपास होता. सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने केला, पण तोवर आकडा लोकांच्या फोनवर पोचलेला होता.

अशा नोंदी चाळणारी यंत्रणा दिसायला अगदी साधी असते. ती प्रत्येक नोंदीला दोन प्रश्न विचारते: आकडा शक्यतेच्या मर्यादेत आहे का, आणि मागच्या नोंदीपासून इतक्या वेळात इतका फरक पडू शकतो का? उत्तर ‘नाही’ आलं, तर ती नोंद, तिची वेळ आणि मोडलेला नियम अशी ओळ संशयितांच्या यादीत जाते.

पहिल्या प्रश्नातली मर्यादा ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शिकेत हवेच्या तापमानासाठी उणे ८० ते अधिक ६० अशी चौकट आहे. अंटार्क्टिकापासून सहारापर्यंत सगळ्यांना पुरणाऱ्या या चौकटीत नागपूरचे ५६ अंश आरामात बसतात! तार तुटून उणे ९९९ आला, तर तो या चाळणीत अडकेल. बाकीचं बरंच निसटेल. म्हणून दुसरी, घट्ट चौकट लागते. ती त्या ठिकाणच्या, शक्यतो त्या महिन्याच्याही, जुन्या नोंदींवरून आखलेली असते. मात्र तीही फार आवळून चालत नाही, कारण उच्चांक मोडायचेच असतात.

दुसरा प्रश्न अधिक कस पाहणारा. समजा, मे महिन्यातल्या एका दुपारी दर पंधरा मिनिटांनी या नोंदी आल्या (आकडे उदाहरणापुरते):

```
13:00  43.6
13:15  43.9
13:30  56.0
13:45  44.1
14:00  44.0
14:45  34.2
15:00  33.6
```

चौकट उणे ५ ते ५०, आणि पंधरा मिनिटांत ५ अंशांहून जास्त फरक संशयास्पद, असे नियम धरू. पायथनच्या पांडास या साधनात काम चार-पाच ओळींचं आहे:

```python
dt = df["t"].diff().dt.total_seconds() / 60
rate = (df["temp"].diff() / dt).abs()
bad_range = ~df["temp"].between(-5, 50)
bad_rate = rate > 5 / 15
out = df[bad_range | bad_rate]
```

यादीत दोन ओळी येतात. दीडची नोंद दोन्ही नियम मोडते, ते योग्यच. पण पावणेदोनचे ४४.१ सुद्धा यादीत येतात, कारण ५६ वरून तिथे उतरताना ११.९ अंशांची उडी पडली. चूक एकाची, नाव दोघांचं. यावर नेहमीचा उपाय म्हणजे तुलना लगतच्या नोंदीशी न करता शेवटच्या निर्दोष नोंदीशी करायची. मग ४४.१ ची तुलना ४३.९ शी होते आणि ते सुटतात. वेळेचं अंतरही त्या निर्दोष नोंदीपासूनच मोजायचं. ते पंधरा मिनिटांवर गोठवलं, तर वेगळीच पंचाईत होते: तापमान खरोखर बदलून नव्या पातळीवर स्थिरावलं, तरी यंत्रणा जुन्या निर्दोष नोंदीला चिकटून बसते आणि पुढची प्रत्येक नोंद दोषी ठरवत राहते.

आणि विदर्भात मे महिन्यात तापमान खरोखर असं बदलतं. दुपारी ढग भरून येतात, वादळी वारा सुटतो आणि अर्ध्या तासात दहा अंश उतरू शकतात. वरच्या नोंदींत दोनला ४४ आणि पावणेतीनला ३४.२ आहेत ते म्हणूनच. मधल्या दोन नोंदी मात्र आल्याच नाहीत. ९.८ अंशांचा उतार ४५ मिनिटांवर वाटला गेला, म्हणजे पंधरा मिनिटांना सव्वातीन अंशांच्या जवळपास, आणि तो नियमाखालून निघून गेला. अंतर न बघता नुसती वजाबाकी केली असती, तर हीच नोंद पकडली गेली असती. मला वाटतं, वेळेने भागणंच बरोबर; फक्त मधली पोकळी स्वतंत्रपणे नोंदवायला हवी. तिच्या आत काय घडलं हे यंत्रणेला ठाऊक नाही, आणि तिने तसंच म्हणावं.

रिकाम्या जागांनी आणखी एक खोडी होते. हरवलेल्या वेळेची ओळ ठेवून आकड्याची जागा रिकामी सोडली, तर `between` तिला मर्यादेबाहेर समजतो, आणि तिच्यानंतरच्या चांगल्या नोंदीचा वेग काढताच येत नसल्याने ती न तपासताच पास होते. यादीतली पहिली नोंदही अशीच बिनतपासणीची. म्हणून चांगल्या व्यवस्थेत ‘ठीक’, ‘संशयित’ आणि ‘चूक’ यांच्या जोडीला ‘तपासलेली नाही’ असाही शेरा असतो.

वेगाची मर्यादा नोंदींमधल्या अंतराशी बांधलेली असते. जागतिक संघटनेचा नियम मिनिटाला ३ अंशांचा आहे. तो पंधराने गुणून वापरला, तर ४५ अंशांची सूट मिळते, म्हणजे नियम नसल्यासारखाच. दर पंधरा मिनिटांच्या नोंदींसाठी मर्यादा त्या केंद्राच्या जुन्या नोंदींवरून वेगळी काढावी लागते.

यादीत वेळ का हवी, हे वादळाच्या उदाहरणात लगेच कळतं. पोकळीच्या शेऱ्यासोबत पावणेतीन ही वेळ हाती असेल, तर त्याच वेळचा वारा, आर्द्रता, हवेचा दाब आणि पाऊस पाहता येतो. चौघांनीही उडी घेतली असेल, तर वादळ खरं. दीडच्या ५६ पाशी बाकी सगळे शांत असतील, तर सेन्सर किंवा त्याची तार तपासायची. पण ती वेळ कोणती, हे लिहिलेलं असावं. हवामानाच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात, आणि तिथे आपला दीड म्हणजे सकाळचे आठ. कुणी ती भारतीय वेळ समजून वाचली, तर सकाळी आठला ४४ अंश बघून निर्दोष नोंदींवरही संशय घेईल.

संशयित नोंद पुसायची मात्र नाही. अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या विवराची बातमी १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी जमिनीवरच्या मोजमापांवरून दिली. नासाच्या निम्बस-७ उपग्रहानेही ते आकडे टिपले होते, पण १८० डॉबसन एककांखालच्या नोंदींना प्रणाली संशयित ठरवत होती. नोंदी जपून ठेवलेल्या होत्या, म्हणून त्या पुन्हा तपासून विवराचा विस्तार दाखवता आला.

दोन्ही नियमांना चकवणारा दोषही आहे. नागपूरच्या आदल्या दिवशी, २९ मे २०२४ ला, दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले. सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचं नंतर तपासणीत आढळलं. सतत ३ अंश जास्त दाखवणाऱ्या सेन्सरच्या आलेखात उडी नसते. तो इतर केंद्रांसारखाच सकाळी चढतो आणि संध्याकाळी उतरतो. मर्यादा मोडली जाते ती फार तर वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवशी. जानेवारीत तोच सेन्सर २० ऐवजी २३ दाखवत असेल, तर यादी कोरी राहते. तिथे शेजारच्या केंद्रांशी तुलना करावी लागते, नाहीतर प्रमाणित उपकरण घेऊन माणसाला त्या आवारात जावं लागतं.