वेबसाइट उघडते, मग मेल का जात नाही?

नाशिकच्या एका छोट्या छापखान्याने जुनं कनेक्शन सोडून नवं फायबर घेतलं आणि त्याच दिवसापासून तिथल्या संगणकावरून मेल जाईना. गिऱ्हाइकांच्या मेल येत होत्या, पण इकडून पाठवलेली कोटेशनं आउटलुकच्या Outbox मध्ये साचत चालली होती. मेलची सेवा देणाऱ्या कंपनीला फोन केला, तर ‘सर्व्हर व्यवस्थित आहे’ असं उत्तर मिळालं. फायबरवाल्याचा माणूस आला, त्याने दोन-चार वेबसाइट उघडून दाखवल्या, स्पीड मोजला आणि ‘नेट तर एकदम ओके आहे’ म्हणून निघून गेला. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते.

वेबसाइट उघडणं आणि मेल पाठवणं ही दोन्ही कामं इंटरनेटवरच होतात, पण ती एकाच वाटेने होत नाहीत. सर्व्हर म्हणजे एखादं तहसील कार्यालय मानलं, तर पत्ता एकच, पण आत सातबाऱ्याची खिडकी वेगळी आणि रेशनकार्डाची वेगळी. या खिडक्यांना पोर्ट म्हणतात आणि प्रत्येकाला ठरलेला क्रमांक असतो. वेबसाइटचं काम 80 आणि 443 या पोर्टवर चालतं. मेल उतरवून घेण्यासाठी बहुतेक अ‍ॅप 993 वापरतात, आणि पाठवण्यासाठी 587, 465 किंवा जुन्या सेटिंगमध्ये 25. नेटवर्क चालवणाऱ्याने यातला एखादा क्रमांक बंद केला, तर बाकी सगळं सुरळीत चालतं आणि तेवढंच एक काम ठप्प होतं. छापखान्यात 993 उघडा होता, म्हणून मेल येत होत्या. पाठवण्यासाठी मात्र कुणीतरी फार पूर्वी 25 भरून ठेवला होता, आणि नव्या कनेक्शनवर नेमका तोच बंद होता.

हा बंदोबस्त फायबरवाल्याने खोडसाळपणाने केलेला नाही. पोर्ट 25 मुळात एका मेल सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला टपाल देण्यासाठीचा. 1982 साली मेल पाठवण्याचे नियम लिहिले गेले तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख पटवायची सोयच त्यात नव्हती. पुढे घरोघरी संगणक आले, त्यांत व्हायरस शिरले, आणि मालकाच्या नकळत हे संगणक जगभरच्या सर्व्हरांच्या 25 क्रमांकावर थेट धडकून स्पॅम ओतू लागले. यावर तोड म्हणून 1998 मध्ये 587 हा पोर्ट वेगळा काढण्यात आला. सामान्य माणसाने आपली मेल तिथे, आपल्याच सेवेच्या सर्व्हरकडे द्यायची. पुढे ती पोचवायचं काम त्या सर्व्हरचं. आज तिथे युजरनेम-पासवर्ड मागितला जातोच. ही सोय झाल्यावर घरगुती कनेक्शनवरून बाहेर जाणारा 25 बंद करणं इंटरनेट कंपन्यांना सोपं गेलं. जपानमधल्या कंपन्यांनी ते केलं, 2013 च्या सुमारास ब्राझीलने देशपातळीवर मोहीम काढून केलं. माझ्या मते ते योग्यच आहे. चूक एवढीच, की गिऱ्हाइकाला हे कुणी सांगत नाही.

अशा वेळी पहिली परीक्षा अगदी साधी आहे. संगणक फोनच्या हॉटस्पॉटला जोडा आणि तीच मेल पुन्हा पाठवून पाहा. लगेच गेली, तर अ‍ॅप, पासवर्ड आणि सर्व्हर तिन्ही ठीक आहेत. अडथळा वायफायच्या वाटेवर आहे. हॉटस्पॉटवरूनही गेली नाही, तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, कारण मोबाइल कंपनीनेही 25 बंद ठेवलेला असू शकतो.

दुसरी परीक्षा थेट पोर्टचीच. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून हे दोन आदेश द्यायचे, सर्व्हरचं नाव आपल्या सेवेप्रमाणे बदलून:

```
Test-NetConnection smtp.gmail.com -Port 25
Test-NetConnection smtp.gmail.com -Port 587
```

उत्तराच्या शेवटी `TcpTestSucceeded : True` आलं तर वाट मोकळी आहे. पंचवीसला `False` आणि 587 ला `True` आलं, तर निदान झालंच. नुसता पिंग करून पाहण्यात अर्थ नाही. पिंगला पोर्टच नसतो, त्यामुळे तो सर्व्हरपर्यंत पोचला तरी मेलची खिडकी उघडी आहे की नाही ते कळत नाही.

अ‍ॅप काय कुरकुर करतं यावरूनही बरंच कळतं. पोर्ट बंद करणारे बहुधा तुमची विनंती गुपचूप टाकून देतात. म्हणून अ‍ॅप बराच वेळ वाट पाहतं आणि शेवटी timed out म्हणतं. ते पुन्हापुन्हा पासवर्ड मागत असेल किंवा 535 हा आकडा दाखवत असेल, तर समजा की सर्व्हरशी बोलणं झालेलं आहे. पोर्टला दोष देऊ नका, पासवर्ड तपासा. सर्टिफिकेट दुसऱ्याच नावाचं असल्याची तक्रार आली तर मध्ये कुणीतरी बसलेलं असू शकतं, आणि अनेकदा तो आपलाच अँटिव्हायरस निघतो.

छापखान्याच्या संगणकावर 25 च्या जागी 587 टाकला, एन्क्रिप्शनमध्ये STARTTLS निवडलं आणि पाठवणाऱ्या सर्व्हरसाठीही लॉगिन लागतं अशी खूण केली. Outbox रिकामा झाला. यातली मधली पायरी लोक हमखास चुकवतात. 587 वर बोलणं साध्या भाषेत सुरू होतं आणि मग एन्क्रिप्शन चढतं, त्याला STARTTLS म्हणतात. 465 वर पहिल्या अक्षरापासूनच सगळं एन्क्रिप्टेड असतं, तिथे SSL/TLS निवडायचं. 465 टाकून STARTTLS ठेवलं, तर अ‍ॅप सर्व्हरच्या नमस्काराची वाट पाहत बसतं आणि सर्व्हर अ‍ॅपच्या एन्क्रिप्शनची. दोघंही गप्प, आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच timed out. पोर्ट सताड उघडा असूनही बंद असल्यासारखं दिसतं.

कॉलेजचं हॉस्टेल, हॉस्पिटल, काही हॉटेलं इथली गोष्ट आणखी वेगळी. तिथे कधी कधी फक्त 80 आणि 443 चालू ठेवतात. मग लॅपटॉपवरच्या थंडरबर्डमध्ये मेल येतही नाही आणि जातही नाही. त्याच वायफायवर फोनमधलं जीमेल अ‍ॅप मात्र मजेत चालतं, आणि माणूस चक्रावतो. कारण एवढंच, की जीमेलचं अ‍ॅप गूगलच्या खात्याशी वेबसाइटसारखंच 443 वरून बोलतं. ब्राउझरमध्ये उघडलेली मेलही त्याच वाटेने जाते, म्हणून तातडीचं काम ब्राउझरमधून उरकता येतं. इथे सेटिंग बदलून काही साधत नाही, पोर्ट नेटवर्क सांभाळणाऱ्यालाच उघडावे लागतात. त्याला ‘मेल चालत नाही’ एवढंच सांगितलं तर तोही वेबसाइट उघडून दाखवील. ‘बाहेर जाणारे टीसीपी 993 आणि 587 उघडा, 25 नको’ असं लिहून द्या, सोबत पॉवरशेलच्या उत्तराचा स्क्रीनशॉट जोडा. पंचवीस मागितलेला नाही हे पाहिलं की त्याचीही हरकत बरीच कमी होते.