पोस्टची पहिली ओळ

लिंक्डइनवरच्या पोस्टला ३,००० अक्षरांची मर्यादा आहे. पण पोस्ट समोर येते तेव्हा त्यातल्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. पुढचा मजकूर ‘more’ या शब्दामागे दडलेला असतो आणि तिथे बोट लावले तरच उघडतो. मोबाइलवर ही दिसणारी जागा आणखी आखूड होते आणि मध्ये सोडलेली मोकळी ओळसुद्धा त्यातूनच वजा होते. ‘नमस्कार मित्रांनो, आज एका महत्त्वाच्या विषयावर माझा अनुभव मांडत आहे’ एवढे लिहून खाली एक ओळ सोडली, की जवळजवळ सगळी जागा संपते आणि विषय काय ते कळतच नाही.

ही सवय सभेतून आलेली आहे. सभेत वक्त्याचा नमस्कार उपयोगी असतो, कारण तेवढ्या वेळात श्रोते सावरून बसतात. पडद्यावर पोस्ट वाचणारा आधीच वाचू लागलेला असतो आणि पुढे जायचे की थांबायचे, हे ठरवत असतो.

उदाहरणासाठी प्रेस शॉपच्या एका व्यवस्थापकाचा कच्चा मसुदा घेऊ. पहिल्या परिच्छेदात नमस्कार आणि ‘अनुभव सांगताना आनंद होतो’. दुसऱ्यात उद्योगातली स्पर्धा. तिसऱ्यात प्रेसवरचा डाय बदलायला ९० मिनिटे लागत आणि सगळे जण जुन्या प्रेसला दोष देत, ही हकिगत. चौथ्यात एक माणूस घड्याळ घेऊन उभा केला, त्याने प्रत्येक कामाची वेळ टिपली, आणि मग हे वाक्य: ‘तेव्हा लक्षात आले, की खरा वेळ तिथे नाही, यातच जातो.’ पाचव्यात त्या नोंदी आहेत. ९० पैकी ५५ मिनिटे प्रेस बंद ठेवून क्लॅम्प शोधण्यात आणि क्रेनची वाट पाहण्यात गेली होती.

सांगण्यासारखी गोष्ट बहुधा अशीच, ‘तेव्हा लक्षात आले’च्या आसपास सापडते. लिहिणारा घडले त्या क्रमाने लिहितो, म्हणून उलगडा शेवटाकडे जातो. संपादकाने आधी ती जागा शोधावी आणि मगच कात्री हातात घ्यावी. नुसता नमस्कार खोडला तर ‘उद्योगात स्पर्धा वाढली आहे’ हे वाक्य वर येते, आणि त्याने काहीच साधत नाही.

मात्र सापडलेले वाक्य जसेच्या तसे वर नेता येत नाही. ‘तेव्हा’, ‘तिथे’, ‘यातच’ हे शब्द मागच्या मजकुराकडे बोट दाखवतात, आणि वर गेल्यावर मागे काही उरत नाही. त्यांच्या जागी प्रत्यक्ष वस्तू आणि आकडे घालावे लागतात. मग ओळ अशी होते: ‘आमच्या प्रेसवर डाय बदलायला ९० मिनिटे लागत, त्यातली ५५ मिनिटे क्लॅम्प शोधण्यात आणि क्रेनची वाट पाहण्यात जात.’ स्पर्धेचा परिच्छेद आता पूर्ण गळतो. जुन्या प्रेसला दिलेला दोष आणि घड्याळाची हकिगत एकेका वाक्यात खाली राहते, कारण आकडा कुठून आला हे वाचकाला कळायलाच हवे.

इथे निवडीचा एक बारकावा आहे. प्रेस चालू असतानाच पुढच्या डायची तयारी करून ठेवावी, हे तत्त्वही पहिल्या ओळीत घालता आले असते. पण जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी ते कधीच मांडून ठेवले आहे आणि या धंद्यातल्या बहुतेकांना ते ठाऊक असते. या लेखकाकडे नवे आहे ते स्वतःच्या प्रेसवरचे मोजमाप, म्हणून पहिल्या ओळीचा मान त्याचा.

काटछाट करताना दोन ठिकाणी घसरायला होते. एक म्हणजे मोजमापाचे सुभाषित होते: ‘वेळेचे नियोजन हेच यश.’ हे वाक्य रुग्णालय किंवा बँकेच्या पोस्टवरही चालले असते, तेव्हा ते इथले नाही हे ओळखावे. दुसरे म्हणजे आमिष: ‘आमची ५५ मिनिटे कुठे गेली, ऐकून धक्का बसेल.’ यात नमस्कार नाही, पण माहितीही नाही. ती मुद्दाम लपवलेली आहे. पारख सोपी आहे. वाचक पहिल्या ओळीनंतर पुढे निघून गेला, तरी त्याच्या हाती काही लागले का, हे पाहावे.

शब्द कमी करताना ‘आमच्या प्रेसवर’ हे दोन शब्द मात्र कापू नयेत. ते गेले तर एका कारखान्यातली नोंद सगळ्या कारखान्यांबद्दलचा दावा होऊन बसते, आणि प्रतिक्रियांत पहिला जाणकार नेमके तेच विचारतो.

निरोप, आभार किंवा श्रद्धांजलीच्या पोस्टला हे लागू नाही. तिथे माणसाला उद्देशून बोलणे हाच मजकूर असतो आणि संबोधन पहिल्या ओळीतच शोभते.