पॅच ३०० एमबीचा, जागा हवी ४० जीबी

स्टीमवर एखाद्या मोठ्या गेमचा ३०० एमबीचा पॅच येतो. डिस्कवर २५ जीबी जागा मोकळी असते. तरीही पुरेशी जागा नसल्याचा संदेश झळकतो आणि अपडेट अडून बसतं. स्टीमचा हिशेब चुकला, असं कुणालाही वाटेल. पण ३०० एमबी हा आकडा फक्त नेटवरून उतरवायच्या मालाचा असतो, तोही दाबून लहान केलेल्या. डिस्कवरचं काम त्यानंतर सुरू होतं.

गेममधली चित्रं, आवाज, नकाशे अशा हजारो गोष्टी बहुधा काही मोजक्या अवाढव्य पॅक फाइलींत भरलेल्या असतात. स्टीम प्रत्येक फाइलीचे साधारण एक-एक एमबीचे तुकडे करतं आणि बदललेले तेवढेच तुकडे उतरवून घेतं. मात्र ते जुन्या फाइलीत घुसडत नाही. जुनीतले न बदललेले तुकडे आणि नवे तुकडे जोडून शेजारी आख्खी नवी फाइल रचली जाते. ती पूर्ण होईपर्यंत जुनीला हात लावला जात नाही, म्हणून मध्येच वीज गेली तरी गेम मोडत नाही.

समजा, गेम ६० जीबीचा आहे आणि त्यातली एकच फाइल ४० जीबीची. पॅचने त्या फाइलीत थोडासा बदल केला, तरी नवी ४० जीबीची फाइल रचावी लागते. तेवढ्या वेळापुरती गेमची जागा १०० जीबीवर जाते. मोकळी जागा २५ जीबी, म्हणजे १५ जीबी कमीच. काम पार पडलं की जुनी फाइल जाते आणि आकडा पुन्हा साठाच्या आसपास येतो.

हे घडताना पाहताही येतं. डाउनलोडच्या पानावर नेटचा वेग शून्यावर येतो, डिस्क मात्र राबत असते. `steamapps\downloading` हे फोल्डर फुगत जातं.

अशा वेळी दुसरा एखादा गेम तात्पुरता काढावा, किंवा स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमधून हा गेम मोठ्या ड्राइव्हवर हलवावा. गेम काढून नव्याने टाकला तर जुनी प्रत उरत नाही, त्यामुळे दुप्पट जागा लागत नाही; पण सगळा डेटा पुन्हा उतरवावा लागतो. खरा इलाज गेम बनवणाऱ्यांच्या हाती असतो. पॅक फाइली एक-दोन जीबीच्या ठेवाव्यात, असं स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी त्यांना सुचवते.

विंडोजच्या इन्स्टॉलरची अडचण थोडी वेगळी. प्रोग्राम `D:` वर टाकायला सांगितला, तरी अनेक इन्स्टॉलर आपलं गाठोडं आधी `C:` वरच्या टेम्प फोल्डरमध्ये सोडतात. म्हणून `D:` रिकामा असूनही जागा संपल्याची तक्रार येते. तेव्हा `%TEMP%` उघडून पाहावं. अर्धवट राहिलेल्या जुन्या इन्स्टॉलेशनचे अवशेषही बऱ्याचदा तिथेच सापडतात.