वखर किती, डवरे किती?
(धंद्याचे गणित : लेखांक ६)

मागच्या लेखांकात मर्यादा एकच होती. आज दोन घेऊ. समजा, खामगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात लोखंडी वखर आणि डवरे बनतात. आठवड्याला माणसांचे १६० तास आणि यंत्रांचे १०० तास हाताशी आहेत. एका डवऱ्याला माणसांचे २ आणि यंत्राचे २ तास लागतात. वखराला माणसांचे ४, पण यंत्राचा १ तास पुरतो. माल आणि विजेचा खर्च वजा जाता डवऱ्यामागे ३०० रुपये सुटतात, वखरामागे ४५०. मजुरी आठवड्याची ठरलेली असल्याने ती इथे धरलेली नाही.

वखरात जास्त सुटतात म्हणून फक्त वखरच केले तर ४० होतील आणि १८,००० रुपये मिळतील. पण यंत्रांचे ६० तास रिकामे जातील.

आता आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर डवरे, उभ्यावर वखर. माणसांचे सगळे तास डवऱ्यांवर घातले तर ८०, वखरांवर घातले तर ४०. हे दोन बिंदू जोडा. यंत्रांची रेषा तशीच ५० डवरे आणि १०० वखर यांना जोडते. दोन्ही रेषांच्या आत राहणारा चौकोन म्हणजे आपल्याला जमणारे सगळे पर्याय.

मग ९,००० रुपये देणारी रेषा काढा : ३० डवरे किंवा २० वखर. तिला समांतर ठेवून पट्टी बाहेर सरकवत न्या. चौकोन सुटण्याआधी पट्टी शेवटी ज्या कोपऱ्याला टेकते, तेच उत्तर. इथे तो कोपरा दोन रेषांच्या छेदावर येतो : ४० डवरे, २० वखर, २१,००० रुपये.

याच कोपऱ्यावरून जादा कामाचा हिशेबही कळतो. माणसांचे ६ तास वाढवले, तर रेषा सरकून ३९ डवरे आणि २२ वखर होतात, ६०० रुपये वाढतात. म्हणजे तासाला १०० रुपयांपर्यंत जादा मजुरी परवडते, त्यापुढे नाही.

पण बाजार विसरू नका. वखराला मागणी पेरणीआधी असते; सोयाबीन-कपाशी उगवून वर आली की गिऱ्हाईक डवरा मागते. एखाद्या आठवड्यात १६ च वखर खपणार असतील, तर तिथे आडवी रेषा मारा. नवा कोपरा ४२ डवरे आणि १६ वखरांचा, मिळकत १९,८०० रुपये. आता माणसांचे १२ तास उरतात, म्हणून जादा कामाची किंमत शून्य! कालचा शंभराचा आकडा घेऊन ओव्हरटाइम दिला, तर ते पैसे वाया जातील. आकडा वापरण्याआधी त्या रेषेला कोपरा टेकलेला आहे का, एवढे बघा.

तिसरे अवजार आले की हा कागद अपुरा पडतो. त्यासाठी जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये शोधलेली सिम्प्लेक्स पद्धत पुढच्या लेखांकात पाहू.