वास्तुशांतीला न्यायचं काय?

वास्तुशांतीची पंगत उठली, पाहुणे पांगले की नव्या घराच्या बेडरूममध्ये चकचकीत कागदाच्या खोक्यांचा ढीग उरतो. त्यात भिंतीवरची दोन-तीन घड्याळं, गणपतीच्या चार मूर्ती, एखादा लाफिंग बुद्ध आणि काचेचा डिनर सेट हमखास निघतो. यातलं बरंचसं पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणाच्या तरी समारंभात पोचतं. त्या फिरत्या आहेराला नावं ठेवण्यात अर्थ नाही. भेट घेताना डोळ्यांसमोर समारंभाचा दिवस असतो, त्यानंतरचा आठवडा नसतो, इतकंच.

समजा, तीन मित्रांनी पाचशे-पाचशे काढून दीड हजार जमवले आहेत. मित्राचा फ्लॅट नव्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आहे. पहिली सूचना येते ती मोठ्या फ्रेमची. पण अलीकडच्या अनेक इमारती मायव्हन पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून उभ्या राहतात. त्यांच्या आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नसतात. अशा भिंतीत खिळा ठोकला तर तो वाकतो आणि वर रंगाचा टवका उडतो. फ्रेम लावायची तर हॅमर ड्रिल असलेला माणूस बोलवावा लागतो, आणि तो येईपर्यंत फ्रेम दिवाणाखाली पडून राहते. भेट आवडली तरी तिने घरधन्याला एक काम लावलेलं असतं.

दुसरी सूचना डिनर सेटची. दीड हजारात भरपूर नगांचा सेट येतो खरा, पण तो सहसा पातळ नि हलका असतो. मोठ्या वस्तूची स्वस्त आवृत्ती घेण्यापेक्षा लहान वस्तूची उत्तम आवृत्ती घेतलेली केव्हाही बरी. एवढ्याच पैशांत हत्यारांची चांगली पेटी होते, आणि नव्या घरात पहिल्याच आठवड्यात तिची गरज पडते. पडद्याचा रॉड सैल असतो, कपाटाचं दार खाली घासत असतं, नळ ठिबकत असतो आणि घरात पेचकस म्हणून बटर नाइफ वापरली जात असते.

पेटी तयार मिळते, पण स्वतः भरलेली चांगली. चाळीस तुकड्यांचा स्वस्त सेट दिसायला भरगच्च असतो, मात्र त्यातल्या बिट्सचं लोखंड मऊ असलं तर दोन-चार स्क्रू आवळल्यावर टोकं गोल होतात आणि स्क्रूची खाच खाऊन टाकतात. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मोजक्या वस्तू घ्याव्यात: एक चपटा आणि एक फुलीचा पेचकस, इन्सुलेशन असलेली पक्कड, लहान हातोडी, पाच मीटरचा टेप, कमी-जास्त होणारा पाना आणि टेस्टर. नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेल्या टपारियासारखी नावं दुकानदार स्वतःहून काढतो. पाना हातात घेऊन त्याचा जबडा हलवून बघावा. फार डुगडुगत असेल तर तो नटवरून निसटणार. उरलेल्या पैशांत टेफ्लॉन टेप, मूठभर वॉल प्लग आणि त्यांच्या मापाचे स्क्रू. साधी प्लॅस्टिकची पेटी धरून हिशेब साधारण दीड हजारातच बसतो. टेप आणि प्लगना काही रुपयेच पडतात, पण रविवारी संध्याकाळी नळाची गळती थांबवायची असते तेव्हा नेमके तेच घरात नसतात.

एक अडचण मात्र आहे. काही घरांत शुभकार्याला लोखंड किंवा धारदार वस्तू चालत नाही, शनिवारी तर नाहीच नाही. तिथे वाद घालू नये. पूजेला पेढे न्यावेत आणि पेटी पुढच्या रविवारी चहाला जाताना द्यावी.

ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या लग्नाचं गणित वेगळं. आपण दोघांपैकी एकालाच ओळखतो, दुसऱ्याची आवड ठाऊक नसते. लग्नानंतर बिऱ्हाड कुठल्या शहरात, भाड्याच्या घरात की सासरी, तेही अनेकदा ठरलेलं नसतं. अशा वेळी वर्गणीचे पैसे रुपयाचं नाणं चिकटवलेल्या पाकिटात घालून देणं हा आळस नव्हे. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलं असेल तर तेही मनापासून मानावं. वस्तूच द्यायची असेल तर मिक्सर किंवा कुकर घेण्याआधी बेत कुणाला तरी विचारून घ्यावा, कारण नातेवाइकांकडून त्याच दोन गोष्टी आलेल्या असतात. कुकर ठरलाच तर तो इंडक्शनवर चालेल असा आणि आयएसआय खूण असलेला घ्यावा.

आणि बिल. किंमत कळेल म्हणून ते फाडून टाकण्याची आपल्याकडे रीत आहे, पण वॉरंटीला तारखेचं बिलच लागतं आणि बदलून घ्यायलाही. ते बंद पाकिटात घालून खोक्याच्या तळाशी ठेवावं, वर दुकानाचं नाव आणि बदलून देण्याची शेवटची तारीख लिहून.